खडूताई आणि दहा बाय आठची मोडतोड

साइटवर तिला सगळे खडूताई म्हणत. हे नाव ज्या प्लंबरने ठेवलं तो केव्हाच काम सोडून गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. कारण साधं होतं. तिच्या खिशात कायम पांढऱ्या खडूचा तुकडा असायचा आणि एखादी खोली पूर्ण झाली की ती दाराच्या चौकटीवर बरोबरची खूण करायची. पूर्ण म्हणजे पूर्ण. दिवा लागला पाहिजे, नळाला पाणी आलं पाहिजे, दाराला कुलूप बसलं पाहिजे. "ताई, फक्त कडी राहिलीय, करून टाका ना खूण," असं एखादा सुतार लाडात येऊन म्हणाला, की ती म्हणायची, "कडी लाव. मी इथेच उभी आहे." अर्धी खूण तिच्या राज्यात नव्हती.

बावीस वर्षं तिने एकाच बांधकाम कंपनीत सुपरवायझरी केली. डिप्लोमा होता, हातात कसब होतं, आवाज तर तीन मजले चढायचा. पण कंपनीने नियम काढला, की प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं तर तोंडी परीक्षा द्यायची. तिघांच्या समितीसमोर बसायचं. ते एका अडलेल्या प्रकल्पाची हकीकत देणार, वेळ टळून गेलेली, खर्च हाताबाहेर गेलेला, आणि विचारणार, आता तुम्ही काय कराल ते पायरीपायरीने सांगा. संधी तीनच. तिसऱ्यांदा नापास झालं की जन्मभर सुपरवायझर.

खडूताई दोनदा नापास झाली होती.

पहिल्या खेपेला तिने हकीकत अर्धी वाचली आणि म्हणाली, "माणसं दुप्पट करीन, दोन पाळ्या लावीन." दुसऱ्या खेपेला पूर्ण वाचली आणि म्हणाली, "ठेकेदार हाकलीन." समितीचे मुख्य साहेब पिकल्या केसांचे, जुन्या वळणाचे इंजिनीअर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही नाडी न बघताच औषध देता."

हे तिला फार लागलं. लागण्यासारखंच होतं. त्यातून दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली एक इंजिनीअर, जिला भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा कसा धरायचा हे खडूताईने शिकवलं होतं, ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती. तिसरी खेप हुकली की तिच्याच हाताखाली काम करायचं. पोरगी चांगली होती, हेच जास्त वाईट. वाईट असती तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

परीक्षेला दहा दिवस उरले होते आणि घरात स्वयंपाकघर नव्हतं.

म्हणजे होतं, पण त्यात स्वयंपाक करता येत नव्हता. खडूताईने तीन आठवड्यांपूर्वी ते नवं करायला काढलं होतं. दहा बाय आठची खोली. चार आठवड्यांत आणि दोन लाखांत काम संपवायचं, असं तिने स्वतःच वहीच्या पानावर लिहून दाराला चिकटवलं होतं. त्या पानावर सात कामं होती: तोडफोड, पाइप, वायरिंग, फरशी, ओटा, कपाटं, रंग. प्रत्येकापुढे रक्कम आणि दिवस. आता गॅस बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी होता, भांडी न्हाणीघरात घासली जात होती आणि नवरा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारायचा, "आज साखर कुठल्या खोलीत आहे?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय," ती म्हणायची.

"चेष्टा नाही गं. काल मीठ टाकलं मी चहात."

सून एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रकल्पच सांभाळायची. विटा-सिमेंटशी तिचा संबंध नव्हता, पण वेळेत न संपणाऱ्या कामांशी चांगलाच होता. परीक्षेची तयारी करून घ्यायचं तिने आपणहून अंगावर घेतलं. सासूला शिकवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं आहे, हे तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं. पुस्तकातला पूल काढला, तर खडूताई म्हणाली, "असा पूल कोणी बांधतच नाही." मग रुग्णालय काढलं. "याचा जिनाच चुकीच्या जागी आहे."

सुनेने पुस्तक मिटलं. "ठीक आहे आई. आपलं स्वयंपाकघर घेऊ."

"त्यात काय घ्यायचंय? साठ टक्के झालंय. गवंडी वेळेवर येत नाही, एवढंच दुखणं."

"साठ टक्के कुणी मोजलं?"

"मोजायचं काय? दोन लाखांतले एक लाख वीस हजार गेले. साठ टक्के."

सुनेने खडूताईच्याच खिशातून खडू काढला, दाराजवळ गेली आणि त्या पानासमोर उभी राहिली. "खुणा करा," ती म्हणाली. "तुमच्या नियमाने."

खडूताई तावातावाने उठली. तोडफोड, झाली. खूण. पाइप, पाणी येतंय. खूण. वायरिंग, दिवा लागतोय. खूण. फरशी? फरश्या गॅलरीत रचून ठेवलेल्या होत्या. तिचा हात थांबला.

"आणलेली फरशी म्हणजे बसवलेली फरशी नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. हे वाक्य तिने साइटवर किमान पाचशे वेळा दुसऱ्यांना ऐकवलेलं होतं.

ओटा नाही. कपाटं नाहीत. रंग नाही. सातांतली तीन कामं, आणि पानावर त्या तिघांपुढे मिळून लिहिले होते साठ हजार. म्हणजे तीस टक्के. आज तिसरा आठवडा संपत होता. पानाप्रमाणे आजवर दीड लाखाचं काम व्हायला हवं होतं.

"दीड लाखाचं व्हायला हवं, साठ हजाराचं झालं, आणि त्यासाठी गेले एक लाख वीस हजार," सून म्हणाली. "म्हणजे तुम्ही रुपया घालता तेव्हा आठ आण्यांचं काम होतं. असंच चाललं तर दोन लाखांचं स्वयंपाकघर चार लाखांना पडेल."

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "चार लाखांत तर मी बाहेरच जेवेन. आयुष्यभर."

खडूताई गॅलरीत गेली, फरश्या मोजून परत आली.

"तुझं गणित बरोबर आहे, पण आंधळं आहे," ती म्हणाली. "पंचवीस हजाराच्या फरश्या बाहेर पडल्यात. बसवलेल्या नाहीत, म्हणून काम झालं नाही, कबूल. पण ते पैसे वाया गेले नाहीत. पुढे परत द्यायचे नाहीत. मग गेलेले नेमके किती?"

सुनेने बोटांवर मोजलं. "साठचं काम झालं. पंचवीसचा माल पडून आहे. पस्तीस हजार... यांचा पत्ता लागत नाही."

"लागेल. बिलं आण."

बिलं बिस्किटांच्या डब्यात होती. दोघींनी जमिनीवर पसरली. पाइप दोनदा. वायरिंग दोनदा. भिंत फोडायची मजुरी दोनदा आणि ती बुजवायची एकदा. तारखा लावल्या तसा सगळा उलगडा झाला. सिंक आधी खिडकीखाली होतं. पाइप टाकून झाल्यावर ते समोरच्या भिंतीला गेलं. त्याबरोबर पाइप गेले, दिव्याची बटणं गेली, पाणी गाळायच्या यंत्राची जोडणी गेली.

"हे हलवलं कुणी?" सुनेने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. विचारलं मात्र अगदी भाबडेपणाने.

"खिडकीतून ऊन येतं तोंडावर," खडूताई म्हणाली.

"कुणी हलवलं, आई?"

"मी."

"लिहून दिलंत? खर्च किती वाढेल, दिवस किती वाढतील, विचारलंत?"

"स्वतःच्या घरात लिहून कोण देतं?"

नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, साडेदहाला. खडूताई रोज त्याला दारातच झापायची. आज तिने स्टूल पुढे सरकवलं. "बसा मामा. एक विचारायचंय. काम कशासाठी अडलंय?"

गवंड्याने आधी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी मामा आलंय का म्हणून. मग बसला. "खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. तरी सांगा."

"सिंक कुठे, ते ठरत नाही हो. मागच्या सोमवारी तुम्ही म्हणालात, कोपऱ्यात घेऊन बघू का. मग मी ओट्याखालचा विटांचा कट्टा उभारायचा कसा? कट्टा नाही तर वरच्या दगडाचं माप नाही. माप नाही तर दगड कापायला जात नाही, आणि कापून यायला चार दिवस. फरशीसुद्धा थांबवली मी, म्हटलं पुन्हा फोडायला लागली तर. म्हणून उशिरा येतो. लवकर येऊन काय करू, तुमचा चहा पिऊ? तोही खारट असतो."

खडूताईने त्याच्याकडे बघितलं. मग पानाकडे. तीन आठवडे ती गवंड्याच्या नावाने बोटं मोडत होती, आणि खोडा तिनेच घालून ठेवला होता. नाडी बघायची म्हणजे काय, ते तिला त्या स्टुलासमोर उभं राहून कळलं. साहेबांचं बोलणं आठवलं, पण आता ते टोचलं नाही. खरं बोलणं पटलं की टोचायचं थांबतं.

"आणखी दोन माणसं आणली तर लवकर होईल का?" तिने विचारलं. नुसतं विचारून बघितलं.

"या खोलीत?" गवंडी हसला. "दहा बाय आठमध्ये चार माणसं घातली तर भांडण लवकर संपेल, काम नाही."

सुताराला फोन लावला. तोही हातावर हात ठेवून बसलेला, ओट्याचा दगड बसायची वाट बघत. "दगडाची वाट कशाला बघता?" खडूताईने विचारलं.

"तुम्हीच पानावर लिहिलंय ताई, ओटा, मग कपाटं. मला काय, कपाट कट्ट्याच्या पोटात बसतं. कट्ट्याचं माप मिळालं की मी दुकानात सांगाडे करायला घेईन. दगड येईल तेव्हा येईल."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

त्या संध्याकाळी सासू-सुनेने नवं पान लिहिलं. जुनं फाडलं नाही. खडूताईने ते शेजारीच ठेवलं, कुठून कुठे आलो ते दिसायला हवं म्हणून. सिंक समोरच्या भिंतीला, हे शेवटचं. खाली सही. सही नवऱ्यानेही केली, साक्षीदार म्हणून. उरलेलं प्रत्येक काम नव्याने मोजलं, ज्याने करायचं त्यालाच विचारून. उरलेल्या चार कामांचा आकडा मूळ अंदाजाइतकाच आला, एक लाख चाळीस हजार, त्यांतून आणलेल्या फरश्यांचे पंचवीस वजा केले, एक लाख पंधरा. गेलेल्या एक लाख वीसमध्ये मिळवले की दोन लाख पस्तीस. चार लाख नव्हे, पण दोनही नाहीत.

"पस्तीस जास्त," सून म्हणाली. "आता तीन वाटा. जास्तीचे घाला. किंवा काहीतरी कमी करा. किंवा दर्जा उतरवा."

"दर्जा नाही," खडूताई म्हणाली. मग पानावरच्या कपाटांवर बोट ठेवलं. "वरची कपाटं आत्ता नकोत. तीस हजार वाचतील. खालची झाली की स्वयंपाक सुरू होतो. वरच्यांत तरी काय ठेवणार, लग्नातली न वापरलेली भांडीच ना."

"माझ्या आईने दिलेली," नवरा म्हणाला.

"म्हणूनच न वापरलेली."

दोन लाख पाच हजार. दगड कापायला गेलेला असताना सुताराने सांगाडे करायचे, रंगाऱ्याने छत उरकायचं. तरी चार आठवड्यांचं काम साडेपाच आठवड्यांना जाणार होतं. खडूताईने तसंच लिहिलं, साडेपाच. सुनेने विचारलं, जरा ओढून पाच लिहायचे का. "खोटी तारीख लिहिली की ती दुसऱ्यांदा चुकते," खडूताई म्हणाली, "आणि दुसऱ्यांदा चुकली की कुणी विचारतसुद्धा नाही." दर शनिवारी खुणा करायच्या असं ठरलं. कुणाला काही बदल सुचला तर आधी चिठ्ठीवर लिहायचा, पुढे खर्च आणि दिवस. पहिली चिठ्ठी तिनेच लिहिली, ओट्याचा रंग बदलण्याची. पुढचे दिवस लिहिले आणि चिठ्ठी चुरगाळली.

परीक्षेच्या दिवशी समितीच्या खोलीत तीच तीन माणसं, तेच टेबल, तोच पंखा कुरकुरणारा. साहेबांनी कागद पुढे सरकवला. तीन मजली दवाखाना. बारा महिने, सहा कोटी. आठ महिने झाले आहेत, चार कोटी ऐंशी लाख खर्च झाले आहेत. साइटचा अहवाल म्हणतो, काम ऐंशी टक्के झालं. मालक म्हणतो, मला काहीच दिसत नाही. तुम्ही आज सूत्रं हातात घेतलीत. काय कराल?

खडूताईने कागद दोनदा वाचला. आधीच्या दोन्ही खेपांना तिला वाटलं होतं, प्रश्न विचारले तर आपल्याला येत नाही असं दिसेल. आज तिने पेन खाली ठेवलं.

"साहेब, हे ऐंशी टक्के कुणी मोजले? आणि कशावरून?"

समितीतले दुसरे दोघे एकमेकांकडे बघू लागले. साहेबांनी हातातली फाइल चाळली. "दिलेल्या बिलांवरून."

"म्हणजे खर्चावरून. मग ते काम नाही, ती पैसे दिल्याची पावती आहे. दवाखान्यात खोल्या किती?"

"छत्तीस."

"दार लागतं, दिवा लागतो, नळ चालतो, अशा किती?"

साहेबांनी आणखी एक कागद काढला. तो फाइलमध्येच होता, मागणाऱ्यालाच द्यायचा. झालेल्या कामाची मूळ अंदाजातली किंमत दोन कोटी चाळीस लाख. आजपर्यंत व्हायला हवं होतं चार कोटींचं. खडूताईला हसू आलं, आवरलं. छत्तीस खोल्यांचा दवाखाना आणि दहा बाय आठचं स्वयंपाकघर, दुखणं एकच. रुपयाला आठ आणे.

"काम चाळीस टक्के झालंय," ती म्हणाली. "याच चालीने बारा कोटींना जाईल. पण हा आकडा मी मालकाला सांगणार नाही. अजून."

"का?"

"हे भीतीचं गणित आहे. आणून ठेवलेला माल किती, पुन्हा केलेलं काम किती, हे बाजूला काढल्याशिवाय पुढचा खर्च कळत नाही. मी आठ दिवस मागीन. काम थांबवणार नाही, पण नवं काही सुरू करणार नाही. प्रत्येक ठेकेदाराला बसवून विचारीन, कशासाठी अडलंय. साहेब, अडलंय कशासाठी?"

साहेबांनी तिसरा कागद दिला. मालकाने तोंडी सांगितलेले चौदा बदल. पाइपांची चाचणी न करता गिलावा केल्यामुळे दोन मजल्यांचा गिलावा पुन्हा. लिफ्टची ऑर्डर दीड महिना उशिरा.

मग ती सुटली. गिलाव्याचा दोष गवंड्याचा नाही, चाचणीआधी पुढे जायची परवानगी देणाऱ्याचा. तो नियम आधी बदलायचा. लिफ्ट आल्याशिवाय वरच्या मजल्यांवर जड यंत्रं जात नाहीत, म्हणजे शेवटची तारीख लिफ्ट ठरवते. जास्तीचा पैसा घालायचाच तर तिथे, रंगाऱ्यांवर नाही. चौदा बदलांतला एकेक मालकासमोर ठेवायचा, त्याचा खर्च आणि दिवस लिहून. उरलेलं काम करणाऱ्यांनाच विचारून नव्याने मोजायचं. मग मालकाकडे तीन वाटा घेऊन जायचं: सगळं हवं तर एवढा पैसा आणि एवढे दिवस, खालचा मजला आधी उघडायचा तर एवढं, बदल सोडायचे तर एवढं. निवड त्याची, सही त्याची. त्यानंतर नवी तारीख, आणि दर आठवड्याला खुणा. अर्धी खूण नाही.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "माणसं दुप्पट करणार नाही?" पहिल्या खेपेची वही त्यांच्यासमोर उघडी होती.

"जिथे जागा आहे आणि काम माणसं कमी म्हणूनच अडलंय, तिथे करीन. बाकी ठिकाणी भांडणं वाढतील."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आणि मालक ऐकतच नसेल? रोज नवं काहीतरी सुचत असेल? अशा माणसाशी तुमचा कधी संबंध आलाय?"

"आलाय," खडूताई म्हणाली. "ती बाई मीच आहे."

आणि तिने स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली, सिंकसकट, खारट चहासकट. सांगून झाल्यावर म्हणाली, "मालकाला रागावून उपयोग नसतो. त्याला त्याच्या सुचण्याची किंमत माहीत नसते. ती कुणीतरी त्याच्या हातात लिहून द्यायची असते. माझ्या सुनेने दिली."

साहेबांनी चष्मा काढला. खडूताईला मागची खेप आठवली. पण ते डोळे पुसत होते. हसून पाणी आलं होतं.

निकाल त्याच दिवशी दुपारी लागला. तिने घरी फोन केला नाही. सरळ साइटवर गेली, ती इंजिनीअर पोरगी तिथे ओळंबा धरून उभी होती, तिला म्हणाली, "वाकडा धरलायस," आणि मग सांगितलं. पोरीने ओळंबा सोडून तिला मिठी मारली.

स्वयंपाकघर साडेपाच आठवड्यांत झालं, म्हणजे पानावर लिहिलं होतं तेवढ्यातच, वर एक दिवस. रंगाऱ्याच्या मुलीला ताप आला होता. दोन लाख सात हजार लागले. वरची भिंत मोकळी होती. नवरा म्हणाला, अशी मोकळीच बरी दिसते, आणि आईच्या भांड्यांचा विषय काढला नाही.

शेवटच्या शनिवारी सगळे पानासमोर उभे होते, गवंडीमामाही. सातवी खूण करायला खडूताईने हात उचलला आणि थांबली. नळ सोडून बघितला. दिवा लावला. खालच्या कपाटाची दारं एकेक करून उघडली, बंद केली. कोपऱ्यातल्या दाराची मूठ ढिली होती.

"ताई, मूठच तर आहे," सुतार म्हणाला.

तिने खडू खिशात टाकला आणि पेचकस त्याच्या हातात दिला. तो मूठ आवळेपर्यंत सून चहा ठेवायला नव्या ओट्याशी गेली. साखर तिला शोधावी लागली नाही.